होकाराचा माग आणि उलट विधाने

मनोवृत्ती मोजण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी पद्धत, म्हणजे उत्तरदात्यापुढे एकेक विधान ठेवून त्याच्याशी तो ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंत कोठे उभा आहे हे नोंदवणे, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. त्याच निबंधात त्यांनी एक सूचनाही केली होती, ती अशी की मापनीतील साधारण निम्मी विधाने मोजावयाच्या वृत्तीच्या बाजूने आणि निम्मी तिच्या विरोधात असावीत, म्हणजे उत्तरदात्याला सगळ्या खुणा एकाच रकान्यात ओढत जाण्याची सवय लागणार नाही. विरोधी बाजूच्या या विधानांना पुढे ‘उलट विधाने’ म्हटले जाऊ लागले. त्यांचे गुण देताना आकडे फिरवून घ्यावे लागतात. १ ते ५ च्या मापनीत उलट विधानावर कोणी ५ वर खूण केली, तर ६ मधून ५ वजा करून त्याला १ गुण दिला जातो, आणि मगच सर्व गुणांची बेरीज होते. लिकर्ट यांच्या लेखी ही लिहिण्याच्या शिस्तीची एक लहानशी बाब होती. पुढच्या अर्धशतकात तिच्यावरून मानसशास्त्रातील एक दीर्घ वाद पेटला, आणि तो शमल्यानंतरही तिचे दुष्परिणाम संशोधकांच्या हाती येतच राहिले.

ही सवय खरोखर असते का, हा प्रश्न प्रथम नेटाने हाताळला तो ली क्रोनबॅक यांनी, आणि तोही मनोवृत्तीच्या मापनीवर नव्हे तर शाळा-महाविद्यालयांतील ‘चूक की बरोबर’ या प्रकारच्या परीक्षांवर. उत्तर माहीत नसलेला विद्यार्थी अंदाज करताना ‘चूक’पेक्षा ‘बरोबर’ कडे अधिक झुकतो, असे त्यांनी १९४२ मध्ये दाखवले; आणि १९४६ च्या लेखात त्यांनी यावरून एक व्यापक इशारा दिला की, प्रश्नाच्या आशयाशी संबंध नसलेले, केवळ उत्तराच्या साच्यातून येणारे असे कल गुणांमध्ये मिसळले, तर चाचणी भलतीच गोष्ट मोजू लागते. विधान काहीही असो, त्याला मान डोलावण्याच्या या कलाला येथे ‘होकारप्रवृत्ती’ म्हटले आहे.

हा इशारा विरून जाण्याच्या बेतात असतानाच १९५० मध्ये ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ बाहेर पडला. नाझी राजवटीच्या अनुभवानंतर, सामान्य माणसाच्या मनात हुकूमशाहीला अनुकूल अशी कोणती घडण असते याचा शोध घेण्यासाठी थिओडोर अडॉर्नो, एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक, डॅनियल लेविन्सन आणि नेव्हिट सॅनफर्ड यांनी मुख्यतः कॅलिफोर्नियात दोन हजारांहून अधिक लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यांच्या अनेक मापन्यांपैकी सर्वांत गाजली ती एफ मापनी, ज्यातील ‘एफ’ हे फॅसिझमचे आद्याक्षर होते. तिच्यात वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहणे हाच मुलांनी शिकण्याचा सर्वांत मोठा गुण आहे, किंवा माणसांचे सबळ आणि दुर्बल असे दोन वर्ग असतात, अशा आशयाची विधाने होती आणि उत्तरदात्याने −३ ते +३ यांपैकी एक आकडा निवडायचा होता. शून्य मुद्दामच ठेवलेले नव्हते. मात्र या मापनीतील सगळी विधाने एकाच दिशेची होती. प्रत्येक ठिकाणी ‘सहमत’ म्हणणे याचा अर्थ हुकूमशाही वृत्ती अधिक असणे, असाच होत होता.

यामुळे निर्माण झालेला पेच साधा आणि तरीही गंभीर होता. ज्याला मापनीवर भरघोस गुण मिळाले, तो मनाने अधिकारपूजक होता, की जे छापलेले दिसेल त्याला ‘हो’ म्हणणारा होता, हे त्या गुणांवरून कळण्याचा मार्गच नव्हता. शिवाय, अधिकारापुढे झुकणारा माणूस छापील विधानापुढेही झुकेल असे मानायला जागा होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी परस्परांत गुंतलेल्याही असू शकत होत्या.

बर्नार्ड बास यांनी १९५५ मध्ये या पेचावर थेट घाव घातला. त्यांनी एफ मापनीतील विधानांची उलट रूपे तयार केली आणि विद्यार्थ्यांना दोन्ही रूपे दिली. लोक आशय वाचून उत्तर देत असतील, तर मूळ विधानांना मान्यता देणाऱ्यांनी उलट विधाने तितक्याच ठामपणे नाकारली पाहिजेत, म्हणजे दोन्ही रूपांमधील सहसंबंध ऋण आणि प्रबळ, −१ च्या जवळपास जाणारा, आला पाहिजे. तो आला −०.२० च्या आसपास. अनेक विद्यार्थ्यांनी मूळ विधानालाही होकार दिला होता आणि त्याच्या उलट्यालाही. बास यांच्या लेखाचे शीर्षकच ‘हुकूमशाही वृत्ती की होकारप्रवृत्ती?’ असा प्रश्न विचारणारे होते, आणि त्यानंतरची काही वर्षे सॅम्युएल मेसिक, डग्लस जॅक्सन आणि इतरांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी करून किंवा नवी उलट रूपे रचून या वादात भर घातली. लिकर्ट यांची किरकोळ सूचना आता सक्तीचा नियम ठरू लागली: मापनी समतोल हवी, निम्मी विधाने सरळ आणि निम्मी उलट.

परंतु या घाईत एक प्रश्न बाजूला पडला होता, तो म्हणजे विधान उलटवणे याचा नेमका अर्थ काय. रिचर्ड क्रिस्टी, जोन हॅवेल आणि बर्नार्ड सायडेनबर्ग यांनी १९५८ मध्ये तो उचलला आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत मर्मग्राही म्हणावे असे उत्तर त्यांच्या लेखात मिळते. एखादे विधान तर्काने उलटवणे वेगळे आणि उत्तरदात्याच्या मनात ते उलटणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. आज्ञाधारकपणाचेच उदाहरण पाहावे. मूळ विधान म्हणते की आज्ञाधारकपणा हा मुलांचा सर्वांत मोठा गुण आहे. त्याचे एक उलट रूप असे होईल की मुलांनी आज्ञाधारकपणा शिकण्याची मुळीच गरज नाही. आता ज्या बाईंना वाटते की मुलांनी ऐकावे, पण प्रामाणिकपणा त्याहून मोठा, त्या दोन्ही विधाने नाकारतील, आणि त्यात कसलीही विसंगती नसेल. उलट रूप सौम्य केले, म्हणजे ‘आज्ञाधारकपणापेक्षाही मोठे गुण असू शकतात’ असे लिहिले, तर मूळ विधानाला ढोबळ अर्थाने होकार देणारे कितीतरी लोक यालाही होकार देतील, कारण इतके मवाळ वाक्य नाकारण्याचे कारणच कोणाला दिसणार नाही. म्हणजे दोन्ही विधानांना ‘हो’ म्हणणारा माणूस न वाचता मान डोलावतो आहे, हा निष्कर्ष घाईचा होता. कित्येकदा दोष विधान उलटवणाऱ्याच्या लेखणीचा होता. क्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशयाकडे लक्ष देऊन जी उलट रूपे रचली, त्यांवर अपेक्षित ऋण संबंध पुष्कळ प्रमाणात दिसून आला.

दुसरीकडे, होकारप्रवृत्ती हा निव्वळ कागदावरचा भ्रम नव्हता, याचा पुरावा डेट्रॉइटमधून आला. गेरहार्ड लेन्स्की आणि जॉन लेगेट यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरोघरच्या मुलाखतींत दोन विधाने काही अंतराने विचारली गेली होती: एकाचा आशय असा की भविष्य पाहता आज मुलांना जन्म देणे योग्य नव्हे, आणि दुसऱ्याचा असा की आज जन्मणाऱ्या मुलांपुढे उज्ज्वल भविष्य आहे. येथे सौम्य किंवा तीव्र अशी पळवाट नव्हती. तरीही काही जणांनी दोन्हींना होकार दिला, आणि असे करणाऱ्यांत कामगार वर्गातील आणि कृष्णवर्णीय उत्तरदात्यांचे प्रमाण अधिक होते. संशोधकांनी याचे कारण स्वभावात न शोधता त्या प्रसंगात शोधले: दारात आलेली सुशिक्षित, वरच्या थरातील व्यक्ती काही म्हणते आहे, तिला तोंडावर ‘नाही’ कसे म्हणावे, या अदबीतून तो होकार येत होता. ज्यांनी गावोगाव सर्वेक्षणाचे कागद भरून घेतले आहेत, त्यांना ही अदब ओळखीची वाटेल.

१९६५ मध्ये लिओनार्ड रोरर यांनी होकारप्रवृत्ती ही स्वभावाची एक स्थायी बाब असल्याच्या कल्पनेला ‘थोर मिथक’ ठरवणारा लेख लिहिला. एका प्रश्नावलीत होकाराकडे झुकणारा माणूस दुसऱ्या प्रश्नावलीतही तसाच झुकतो, असे दिसत नाही, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. त्याच वर्षी जॅक ब्लॉक यांनीही व्यक्तिमत्त्व चाचणीतील मापन्या होकार-नकारांच्या दृष्टीने समतोल करून पाहिल्या आणि निष्कर्षांची मूळ रचना बहुतांशी तशीच राहते, असे दाखवले. वाद थंडावला. विचित्र गोष्ट अशी की आजाराविषयीची खात्री डळमळीत झाली, पण औषध मात्र चालूच राहिले. समतोल मापनी हा पाठ्यपुस्तकांतील नियम होऊन बसला होता आणि नवी मापनी रचणारा प्रत्येक जण तो पाळत होता.

त्याच १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनी हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. न्यूयॉर्क राज्यातील दहा माध्यमिक शाळांतील पाच हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या अभ्यासासाठी ती रचली गेली. तिच्यात दहा विधाने आहेत, पाच सरळ आणि पाच उलट. सरळ विधान असे की एकंदरीत आपण स्वतःबद्दल समाधानी आहोत. उलट विधान असे की अभिमान वाटावा असे आपल्यापाशी फारसे काही नाही. चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो, सरळ विधानाला १ ते ४ गुण मिळतात, आणि उलट विधानाचा आकडा ५ मधून वजा केला जातो. एकूण गुण १० ते ४० यांच्या दरम्यान पडतात.

या आकडेमोडीतून समतोलाचा लाभ आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. समजा एका मुलीने न वाचता दहाही विधानांवर ‘सहमत’, म्हणजे ३, अशी खूण केली. सरळ पाच विधानांचे १५ गुण झाले, उलट पाचांचे प्रत्येकी २ प्रमाणे १० झाले, एकूण २५. तिने सगळीकडे ४ केले असते तर २० अधिक ५, पुन्हा २५. सगळीकडे १ केले असते तरी ५ अधिक २०, म्हणजे २५ च. सगळ्या मापनीवर एकच आकडा गिरवणाऱ्या कोणालाही २५ गुण मिळतात, आणि २५ हा १० व ४० यांचा बरोबर मध्य आहे. होकार देणाऱ्याला अवाजवी गुण मिळू नयेत, हा समतोलाचा हेतू येथे सफल होतो, यात शंका नाही. मात्र अशी व्यक्ती पकडली जात नाही. ती बेमालूमपणे मध्यम आत्मसन्मानाची व्यक्ती म्हणून नोंदली जाते.

पण जी मुलगी काळजीपूर्वक, प्रामाणिकपणे उत्तर देते आहे आणि केवळ वाक्यातील नकाराने गोंधळते, तिचे काय होते हे अधिक महत्त्वाचे आहे. तिचा आत्मसन्मान चांगला आहे. सरळ विधानांवर तिने ३ केले, उलट विधानांवर २ करायला हवे होते आणि मग तिला ३० गुण मिळाले असते. वाक्यातले ‘नाही’ नजरेतून निसटले आणि तिने तेथेही ३ केले, की ती २५ वर येते. आत्मसन्मान अगदी उंच असलेली मुलगी हीच चूक करील तर ती ४० वरून २५ वर कोसळते. ज्या समूहात बहुतेकांचा आत्मसन्मान मध्याच्या वर असतो, तेथे या चुकीचा परिणाम एकाच दिशेने होतो: गोंधळलेले लोक आत्मसन्मानाने उणे दिसतात. आणि गोंधळ जर कमी शिक्षण झालेल्यांत किंवा वाचनाचा सराव नसलेल्यांत अधिक असेल, तर शिक्षण आणि आत्मसन्मान यांत एक असा संबंध आकड्यांत उमटेल, जो त्या माणसांच्या मनात कदाचित नसेलच. उलट विधानांविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे, कारण येथे मोजण्याच्या साधनातील दोष मोजल्या जाणाऱ्या माणसाच्या माथी मारला जातो.

संख्याशास्त्रानेही पुढे वेगळ्या वाटेने हीच खूण दाखवली. कोणती विधाने एकमेकांबरोबर हलतात हे पाहून त्यांचे गट पाडण्याच्या रीतीला घटक विश्लेषण म्हणतात. रोझेनबर्ग यांच्या मापनीत एकच घटक मिळायला हवा होता. पण पुनःपुन्हा दोन मिळू लागले, एकात सगळी सरळ विधाने आणि दुसऱ्यात सगळी उलट. आत्मसन्मान आणि आत्मनिंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी उपपत्ती काहींनी त्यावर उभारलीही. नील श्मिट आणि डॅनियल स्टल्ट्स यांनी १९८५ मध्ये कृत्रिम आकडेवारी रचून दाखवले की, इतक्या मोठ्या उपपत्तीची गरज नाही. उत्तरदात्यांपैकी अवघ्या दहा टक्क्यांनी सुरुवातीची काही विधाने वाचून पुढच्यांचाही अर्थ तसाच असल्याचे गृहीत धरले, तरी उलट विधानांचा स्वतंत्र घटक स्वच्छपणे उभा राहतो. ज्याला मनाचा एक पैलू समजले जात होते, तो दहांतल्या एकाच्या निष्काळजीपणातूनही निपजू शकत होता. चेस्टर श्रीशाइम आणि केनेथ हिल यांनी त्याआधी १९८१ मध्येच उलट विधानांमुळे उत्तरांची अचूकता घटते असे प्रयोगाने नोंदवले होते.

हर्बर्ट मार्श यांनी ऑस्ट्रेलियातील प्राथमिक शाळांतील मुलांवर केलेले काम या संदर्भात विशेष बोलके आहे. ‘मला गणित चांगले येत नाही’ या विधानासमोर, ज्याला गणित येते त्या मुलाने ‘खोटे’ म्हणायचे असते, म्हणजे एक नकार वाक्यातला आणि दुसरा आपला, असे दोन नकार मनात जुळवून होकार तयार करायचा असतो. मोठ्या माणसालाही तेथे क्षणभर थांबावे लागते. लहान मुले, विशेषतः वाचनात मागे असलेली, हमखास चुकतात, आणि वय वाढते तशी चूक कमी होते, असे मार्श यांना १९८६ मध्ये दिसले. त्यांनी काढलेला तोडगा मोठा समंजस होता. त्यांच्या प्रश्नावलीत उलट विधाने छापलेली राहिली, जेणेकरून मुलांची लय मोडावी, पण गुणांच्या बेरजेत ती धरली गेली नाहीत.

मापनी एका भाषेतून दुसरीत गेली की अडचण आणखी वाढते. डेव्हिड श्मिट आणि युरी आल्लिक यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५३ देशांच्या आणि जवळपास १७ हजार उत्तरदात्यांच्या अभ्यासात रोझेनबर्ग यांच्या मापनीवर प्रत्येक देशाची सरासरी २५ या मध्यबिंदूच्या वर होती; मात्र उलट विधाने सगळीकडे सारख्या अर्थाने घेतली गेली नाहीत. रोझेनबर्ग यांच्या मापनीतील आठवे विधान, स्वतःविषयी आणखी आदर वाटायला हवा होता अशा आशयाचे, चिनी अनुवादांत कुप्रसिद्ध ठरले आहे. मूळ भाषेत त्यात खंत आहे. अनुवादात ती सद्भावनेची इच्छा होते, आणि स्वतःला सुधारू पाहणारा कोणताही भला माणूस तिला होकार देतो.

मराठीत ही अडचण वाक्याच्या मुळाशीच बसलेली आहे. ‘अभिमान वाटावा असे माझ्याजवळ फारसे काही नाही’ हे विधान प्रगणकाने वाचून दाखवले आणि समोरच्या आजी म्हणाल्या, ‘नाही’, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? ‘नाही, खरेच काही नाही’ असे म्हणून त्या विधानाला दुजोरा देत असतील, किंवा ‘नाही, तसे काही नाही’ असे म्हणून ते खोडून काढत असतील. मराठीत दोन्ही रीती रोजच्या बोलण्यात आहेत. ‘तू गेला नाहीस ना?’ याला ‘हो, नाही गेलो’ असेही उत्तर येते आणि ‘नाही, नाही गेलो’ असेही. बोलण्यात सूर, मानेची हालचाल आणि पुढचे वाक्य यांवरून अर्थ लागतो. प्रगणकाच्या कागदावर मात्र त्या ‘नाही’ साठी ‘असहमत’ हाच रकाना समोर असतो, आणि तेथे खूण झाली की, आपल्यापाशी अभिमानाचे काही नाही असे कबूल करणाऱ्या आजी आत्मसन्मानाने संपन्न ठरतात. हा दोष पुढे आकड्यांत शोधायचा तर एक खूण उपयोगी पडते: उलट विधानाचे गुण फिरवून झाल्यावरही जर त्याचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी संबंध शून्याजवळ किंवा ऋण येत असेल, तर एक तर गुण फिरवायचे राहून गेले आहेत, नाही तर उत्तरदात्यांना ते विधान संशोधकाला अभिप्रेत असलेल्या अर्थाने कळलेलेच नाही. पहिली चूक एका ओळीत सुधारते. दुसऱ्या चुकीसाठी पुन्हा त्या माणसांकडे जावे लागते.

एकविसाव्या शतकात यातून बाहेर पडण्याची वाट हळूहळू स्पष्ट होत गेली. नॅन्सी वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिका, सिंगापूर, थायलंड, जपान आणि कोरिया येथे भौतिक सुखांच्या ओढीची एक मापनी तपासली, तेव्हा सरळ आणि उलट विधानांच्या मिश्रणाने देशोदेशींची तुलनाच बिघडत असल्याचे आढळले. विधानांऐवजी त्याच आशयाचे प्रश्न विचारल्यावर हा बिघाड कमी झाला. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील एरिक व्हॅन सॉन्डेरेन आणि सहकाऱ्यांनी थकव्याच्या एका मापनीवरील ७०० जणांची उत्तरे पाहिली आणि त्यातील दहा उलट विधानांनी एकतर्फी उत्तरे टळल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अनवधान आणि गोंधळ यांचे ठसे मात्र मिळाले.

वाँग यांच्या तोडग्यात एक गोष्ट विशेष आहे: प्रश्नाचे पर्याय आशयाच्याच शब्दांत दिले, तर सहमत-असहमत हा साचाच उरत नाही आणि मान डोलावण्यासाठी तेथे विधानही उरत नाही. आजींपुढे तोच विषय ‘स्वतःबद्दल कितपत अभिमान वाटतो: मुळीच नाही, थोडा, बराच, की खूप?’ असा ठेवला, तर त्यांना प्रगणकाचा मान राखण्यासाठी ‘हो’ म्हणता येत नाही, दोन नकारांची बेरीज करावी लागत नाही, आणि प्रगणकालाही त्यांच्या ‘नाही’ चा अर्थ लावत बसावे लागत नाही; त्या क्षणभर विचार करतात आणि चारांपैकी एक शब्द उच्चारतात, तोच कागदावर उतरतो.